एकोणतीसचा गुणाकार

एकोणतीस या शब्दात एक वजाबाकी दडलेली आहे. ‘एक ऊन तीस’, म्हणजे तिसाला एक कमी. एकोणीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ हे सगळे त्याच घरातले. पुढच्या दशकापर्यंत जायचं आणि एक पाऊल मागे यायचं, अशी ही मोजणी. नव्व्याण्णवला मात्र हा नियम मोडतो. तो शब्दच तसा, पण हिशेब करताना आपण तोही जुन्या पद्धतीनेच करतो. सात रुपयांच्या नव्व्याण्णव वस्तूंचे किती, असं विचारलं तर कोणी नवाने दोनदा गुणत बसत नाही. सातशे, वजा सात, सहाशे त्र्याण्णव. दोन गुणाकारांऐवजी एक वजाबाकी.

संगणकाच्या पोटात ऋण-धन संख्यांचा गुणाकार करण्याची एक प्रसिद्ध रीत नेमकी याच युक्तीवर उभी आहे. तिला बूथची रीत म्हणतात. अँड्र्यू डोनाल्ड बूथ हे लंडनच्या बर्कबेक कॉलेजात स्फटिकांच्या रचनेवर काम करत होते. क्ष-किरणांनी मिळालेल्या मोजमापांवरून स्फटिकातल्या अणूंच्या जागा काढायच्या, तर आकडेमोडीचे ढीगच्या ढीग उपसावे लागत. त्यातूनच ते गणनयंत्रांकडे वळले. १९४७ साली ते कॅथलीन ब्रिटन यांच्यासह प्रिन्स्टनला जाऊन फॉन नॉयमन यांच्या गटाचं काम पाहून आले, आणि गुणाकाराच्या या रीतीवरचा त्यांचा छोटासा लेख १९५१ मध्ये छापून आला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे नाव परीक्षेपुरतं भेटतं. तक्ता पाठ करायचा, गुण मिळवायचे आणि विसरायचं. मीही तेच केलं होतं. तक्ता असा का चालतो हे कळलं ते बऱ्याच वर्षांनी.

आधी द्विमान गुणाकार साधा कसा होतो ते पाहू. द्विमान पद्धतीत ० आणि १ हे दोनच अंक, म्हणून पाढे पाठ करण्याची भानगडच नाही. ज्याला गुणायचं तो गुण्य, ज्याने गुणायचं तो गुणक. गुणकाचा एकेक अंक उजवीकडून पाहायचा. तो १ असेल तर गुण्य मांडायचं, ० असेल तर सोडून द्यायचं. प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकायचं आणि शेवटी सगळ्याची बेरीज. शाळेतला उभा गुणाकारच हा, फक्त आणखी सोपा. यंत्राला त्यासाठी दोनच कामं यावी लागतात, बेरीज करणं आणि सरकवणं.

अडचण येते ऋण संख्यांपाशी. यंत्रात वजाचं चिन्ह लिहायला वेगळी जागा नसते. तिथेही ० आणि १ च. मग तोडगा असा काढतात. समजा, पाच घरांची संख्या आहे. घरांची किंमत डावीकडून १६, ८, ४, २, १ अशी असते. यातलं सर्वांत डावीकडचं घर उधारीचं धरायचं, म्हणजे तिथे १ आला की १६ मिळत नाहीत, १६ देणं लागतात. त्यामुळे ११००१ म्हणजे उणे सोळा अधिक आठ अधिक एक, एकूण उणे सात. अधिक सात लिहायचे तर ००१११. एकावरून दुसऱ्यावर जायला सगळे अंक उलटे करायचे आणि त्यात एक मिळवायचा. ००१११ उलटवले की ११०००, त्यात एक मिळवला की ११००१. वजाबाकीसाठी वेगळं यंत्र लागत नाही. जी संख्या वजा करायची ती उलटवून, एक मिळवून, बेरजेच्याच यंत्रात घालायची.

बेरीज-वजाबाकीला ही लिपी उत्तम चालते. गुणाकारात मात्र घोळ होतो. गुणक ११००१ असेल तर साधा गुणाकार करणारं यंत्र डावीकडच्या एकाला अधिक सोळाच समजतं. त्याच्या लेखी हे उणे सात नसून पंचवीस. चौदाला त्याने गुणलं की उत्तर येतं ३५०, आणि यायला हवं उणे ९८. फरक ४४८ चा, म्हणजे बरोबर चौदा गुणिले बत्तीस. तो शेवटी वजा करून उत्तर दुरुस्त करता येतं. किंवा दोन्ही चिन्हं आधी बाजूला काढून ठेवायची, धन संख्यांचा गुणाकार करायचा आणि शेवटी चिन्ह पुन्हा चिकटवायचं. दोन्ही उपाय चालतात, पण दोन्हींत यंत्राला आधी ‘ही संख्या ऋण आहे का?’ असं विचारावं लागतं आणि उत्तरावरून वाट बदलावी लागते. बूथ यांना हा प्रश्नच नको होता.

त्यांनी गुणक वाचण्याची पद्धत बदलली. १४ ही संख्या घ्या, ०१११०. मध्ये ओळीने तीन एक आहेत. साधी रीत इथे तीन बेरजा करील, आठाच्या, चाराच्या आणि दोनाच्या घरात. पण चौदा म्हणजे सोळा वजा दोन. एकांची रांग जिथे सुरू होते त्या घरात, म्हणजे दोनाच्या घरात, एक वजाबाकी करायची. रांग संपल्यावर जे पहिलं घर येतं त्यात, म्हणजे सोळाच्या घरात, एक बेरीज करायची. मधल्या एकांकडे पाहायचंही नाही. एकोणतीस म्हणताना आपण जे करतो तेच हे. फरक इतकाच की आपण दशकापर्यंत जातो आणि यंत्र रांगेच्या टोकापर्यंत.

रांग कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे ओळखायला यंत्राला सगळा गुणक एकदम पाहावा लागत नाही. उजवीकडून डावीकडे जाताना प्रत्येक अंकाची त्याच्या उजव्या शेजाऱ्याशी तुलना केली की पुरे. आपण १ वर आहोत आणि उजवीकडे ० आहे, तर रांग इथे सुरू झाली, म्हणून गुण्य वजा करा. आपण ० वर आहोत आणि उजवीकडे १ आहे, तर रांग आत्ताच संपली, म्हणून गुण्य मिळवा. दोन्ही सारखेच असतील तर काहीच करू नका. सर्वांत उजवीकडच्या अंकाला उजवा शेजारी नसतो, म्हणून त्याच्यासाठी एक जादा शून्य आधीच जोडून ठेवायचं. त्याला आपण शेपूट म्हणू.

आता उदाहरण. गुण्य उणे ७ घेऊ, म्हणजे ११००१, आणि गुणक १४, म्हणजे ०१११०. उत्तर उणे ९८ यायला हवं. पाच घरांच्या दोन संख्यांच्या गुणाकाराला दहा घरं लागतात. म्हणून यंत्रात शेजारी शेजारी दोन खण ठेवले आहेत, पाच पाच घरांचे. डाव्या खणात बेरीज साठणार, सुरुवातीला तो रिकामा, म्हणजे ०००००. उजव्या खणात गुणक ठेवला आहे, आणि त्याच्या उजवीकडे एका घराचं शेपूट, त्यात ०.

कागदावर आपण प्रत्येक ओळीत गुण्य डावीकडे सरकवत जातो. यंत्रात उलटं करतात. गुण्य जागचं हलत नाही. दोन खण आणि शेपूट ही सगळी माळच एक एक घर उजवीकडे सरकते. याचा फायदा दुहेरी आहे. बेरजेचं यंत्र पाचच घरांचं असलं तरी भागतं. शिवाय गुणकाचे तपासून झालेले अंक उजवीकडून गळून पडतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत डावीकडून उत्तराचे अंक येऊन बसतात. म्हणजे गुणकासाठी एक आणि उत्तरासाठी एक असे वेगळे खण ठेवायला नकोत. पाहुण्याने खोली सोडत जावी आणि यजमानाने तीत सामान लावत जावं, तसं हे चालतं.

सरकवताना एक पथ्य आहे. माळ उजवीकडे सरकली की सर्वांत डावीकडचं घर रिकामं होतं. तिथे डोळे मिटून शून्य भरायचं नाही. आधी तिथे जो अंक होता तोच पुन्हा लिहायचा. एक असेल तर एक, शून्य असेल तर शून्य. ते घर उधारीचं आहे, आणि तिथला अंक संख्येचं चिन्ह सांगतो. सरकण्याने संख्या निम्मी व्हायला हवी, तिचं चिन्ह बदलता कामा नये.

प्रत्येक फेरीत गुणकाच्या खणातला शेवटचा अंक आणि शेपूट अशी जोडी पाहायची. खालच्या तक्त्यात ती जोडी दुसऱ्या रकान्यात आहे. त्यापुढे कृती, मग डावा खण, उजवा खण आणि शेपूट.

```
आरंभ            ०००००  ०१११०  ०
१   ००  सरकवा   ०००००  ००१११  ०
२   १०  वजा     ००१११  ००१११  ०
        सरकवा   ०००११  १००११  १
३   ११  सरकवा   ००००१  ११००१  १
४   ११  सरकवा   ०००००  १११००  १
५   ०१  मिळवा   ११००१  १११००  १
        सरकवा   १११००  ११११०  ०
```

पहिल्या फेरीत जोडी ००, म्हणजे रांग अजून सुरूच झालेली नाही. नुसतं सरकायचं.

दुसऱ्या फेरीत जोडी १०. रांग सुरू झाली, म्हणून गुण्य वजा करायचं. गुण्य आहे उणे सात. ते वजा करणं म्हणजे सात मिळवणं, तेव्हा डाव्या खणात ००१११ येतं. मग माळ सरकते. डाव्या खणाचा शेवटचा १ उजव्या खणाच्या डोक्यावर जाऊन बसतो. उत्तराचा हा पहिला ठोस अंक. गुणकाचा वापरून झालेला १ शेपटात जातो, म्हणजे पुढच्या फेरीसाठी तो ‘उजवा शेजारी’ होतो.

तिसरी आणि चौथी फेरी रांगेच्या पोटातल्या. जोडी ११, कृती काही नाही, फक्त सरकणं. डाव्या खणात सातचे तीन, तिनाचा एक, एकाचं शून्य होताना दिसतं. जे गळून गेलं असं वाटतं ते हरवलेलं नसतं, ते सगळं उजव्या खणात जमा झालेलं असतं.

पाचव्या फेरीत जोडी ०१. रांग संपली, गुण्य मिळवायचं. शून्यात उणे सात, म्हणून ११००१. आता सरकताना ते पथ्य आठवायचं. डावीकडे पुन्हा १ च भरायचा, म्हणून डाव्या खणात १११०० येतं.

दोन्ही खण जोडून वाचले की १११००११११०. डावीकडचा अंक १ आहे, म्हणजे संख्या ऋण. किती ऋण हे पाहायला उलटवून एक मिळवू. उलटवल्यावर ०००११००००१, एक मिळवल्यावर ०००११०००१०. चौसष्ट अधिक बत्तीस अधिक दोन, अठ्ठ्याण्णव. उत्तर उणे अठ्ठ्याण्णव. हिशेब दुसऱ्या बाजूनेही जुळतो. दोनाच्या घरात उणे सात वजा केले, म्हणजे अधिक चौदा झाले. सोळाच्या घरात उणे सात मिळवले, म्हणजे उणे एकशे बारा. बेरीज उणे अठ्ठ्याण्णव.

इथे गुणक धन होता. या रीतीची खरी कसोटी गुणक ऋण असतानाच लागते. म्हणून बाजू बदलू. गुण्य १४ आणि गुणक उणे ७, म्हणजे ११००१. उजवीकडून वाचा. एकाच्या घरात १, शेपूट ०, म्हणून वजा. दोनाच्या घरात ०, उजवीकडे १, म्हणून मिळवा. चाराच्या घरात काही नाही. आठाच्या घरात नवी रांग सुरू होते, वजा. सोळाच्या घरात १ आणि उजवीकडेही १, म्हणून काही नाही. संख्या इथे संपली. हिशेब: उणे आठ, अधिक दोन, उणे एक. उणे सात! कोणतीही दुरुस्ती न करता, कुठेही ‘ही ऋण आहे का?’ न विचारता.

हे का जमलं ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. आठाच्या घरात सुरू झालेली रांग डाव्या टोकापर्यंत गेली आणि तिथे संख्या संपली. रांग संपल्याची बेरीज, म्हणजे बत्तीसच्या घरातली, करायची राहूनच गेली. तीच ती बत्तीसची चूक जी साध्या गुणाकारात आपल्याला शेवटी वजा करावी लागत होती. इथे ती मुळात घडतच नाही. धन संख्येच्या डोक्यावर ० असतं, म्हणून तिची प्रत्येक रांग बंद होते. ऋण संख्येची शेवटची रांग उघडीच राहते, आणि ते उघडं राहणं हेच तिचं ऋणत्व.

पाठ्यपुस्तकं या रीतीची ओळख बहुधा ‘वेगवान’ अशी करून देतात, एकांची लांब रांग असेल तर कितीतरी बेरजा वाचतात म्हणून. ०११११११० म्हणजे १२६ ने गुणायचं तर साध्या रीतीला सहा बेरजा लागतात आणि बूथच्या रीतीला दोन कृती. हे खरं आहे, पण उदाहरण सोयीचं निवडलेलं आहे. १० घ्या, ०१०१०. साध्या रीतीला दोन बेरजा. बूथच्या रीतीला दोन वजाबाक्या आणि दोन बेरजा, कारण इथली प्रत्येक रांग एकाच अंकाची. एक आणि शून्य नाणेफेकीसारखे कसेही येत असतील तर सरासरीने निम्मे अंक १ असतात, आणि सरासरीने निम्म्याच ठिकाणी अंक शेजाऱ्याहून वेगळा असतो. म्हणजे सरासरीत फायदा शून्य. या रीतीचा मोठेपणा वेगात शोधू नये असं माझं मत आहे. तिचा मोठेपणा चिन्हाचा प्रश्न मिटवण्यात आहे.

वेगाचा फायदा पुढे एका सुधारणेने आला. १९६१ मध्ये ऑलिन मॅकसॉर्ली यांनी मांडलेल्या रूपात अंक एकेक न पाहता दोन-दोन घेतात, आणि त्यांचा उजवा शेजारी धरून तीन अंक एकदम वाचतात. मग प्रत्येक फेरीत गुण्य एकदा किंवा दुप्पट, मिळवायचं किंवा वजा करायचं, नाहीतर सोडून द्यायचं. दुप्पट म्हणजे एक घर सरकवणं, तेव्हा तेही फुकटच. फेऱ्या निम्म्या होतात, अंक कसेही आले तरी. आपला चौदा सहा घरांत ००१११० असा लिहिला तर तीन फेऱ्यांत वाचून होतो: उणे दोन, मग शून्य, मग सोळा. त्रास देणारा दहाही तीन कृतींत आटपतो: उणे दोन, उणे चार, अधिक सोळा.

रीत साधी असली तरी चुका हमखास होतात, आणि गंमत म्हणजे प्रत्येक चूक उत्तरावर आपली ओळख सोडून जाते. कॉलेजात एका चाचणीत मी हाच गुणाकार करताना पाचव्या फेरीत सवयीने डावीकडे शून्य भरलं. उत्तर आलं ०११००११११०, म्हणजे अधिक ४१४. खऱ्या उत्तराशी तुलना केली तर फरक बरोबर ५१२ चा, म्हणजे दहा घरांतल्या सर्वांत डावीकडच्या घराच्या किमतीचा. असा फरक दिसला की समजायचं, सरकवताना चिन्ह जपलेलं नाही. पण याच चुकीने आधीच्या कुठल्या फेरीत दगा दिला तर फरक लहान पडतो, कारण तो चुकलेला अंक पुढे आणखी सरकत जातो. तरी तो दोनाच्या घातांकाएवढाच राहतो.

दुसरी चूक शेपटाची. आधीच्या गुणाकाराचं शेपूट पुसायचं राहिलं आणि त्यात १ उरला, तर पहिल्याच फेरीत यंत्राला वाटतं की कुठलीशी रांग आत्ताच संपली, आणि ते एक जादा बेरीज करतं. उणे ९८ ऐवजी उणे १०५ येतं. फरक बरोबर एका गुण्याचा. पहिला गुणाकार बरोबर आणि मधूनच एखादा चुकीचा असं यंत्र वागू लागलं, तर आधी शेपूट पाहावं.

तिसरी चूक विद्यार्थ्याची नाही, रीतीच्या मांडणीचीच आहे. पाच घरांत उणे १६ मावतात, १००००, पण अधिक १६ मावत नाहीत. तिथली कमाल १५. आता गुण्य उणे १६ आणि गुणक उणे १, म्हणजे १११११, घ्या. पहिल्या फेरीत जोडी १०, गुण्य वजा करायचं. शून्यातून उणे सोळा वजा केले की अधिक सोळा यायला हवेत, पण पाच घरांत येतं पुन्हा १००००, आणि यंत्र त्याला उणे सोळा समजतं. पुढच्या फेऱ्यांत नुसतं सरकणं. शेवटी १११११ १००००, उणे सोळा. उणे एकाने गुणलं आणि संख्या जशीच्या तशी परत आली.

यावर उपाय डाव्या खणाला एक जादा घर देण्याचा आहे. बेरीज सहा घरांत केली की वजाबाकीनंतर ०१०००० येतं, डोक्यावर शून्य, म्हणजे धन. पाच वेळा सरकल्यावर डावा खण रिकामा आणि उजव्या खणात १००००. दहा घरांत मिळून अधिक सोळा. गुणाकाराचं यंत्र तपासायला बसलं की म्हणून आधी उणे सोळा गुणिले उणे एक हेच देऊन पाहावं. सात आणि चौदासारख्या साध्यासरळ संख्या ही चूक कधीच उघड करत नाहीत.